बत्तीस इंची टीव्ही, किती फुटांवरून?

पेण किंवा रोह्याच्या बाजारपेठेतल्या टीव्हीच्या दुकानात बत्तीस इंची संचांची रांग लावलेली असते. दोन संच शेजारी-शेजारी असतात, आकार तोच, कधी कधी कंपनीही तीच. एकाच्या खोक्यावर 'एचडी रेडी' लिहिलेलं, दुसऱ्याच्या 'फुल एचडी'. दुसऱ्याची किंमत जास्त, आणि समोर उभं राहून पाहिलं तर त्याचं चित्र खरोखरच अधिक रेखीव वाटतं. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजून तो घरी नेतं, बेडरूमच्या भिंतीवर लावतं, आणि रात्रीची मालिका सुरू झाली की चित्र जुन्या संचासारखंच दिसतं. दुकानदाराने फसवलं म्हणावं, तर संच तोच आहे. डोळ्यांनी फसवलं म्हणावं, तर दुकानात दिसलेला फरकही खोटा नव्हता. दुकान ते घर या प्रवासात दोनच गोष्टी बदलल्या: बघणाऱ्याचं पडद्यापासूनचं अंतर, आणि संचात बाहेरून येणारं चित्र. बत्तीस इंचांत एचडी की फुल एचडी, याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे आणि खोक्यावरच्या शब्दांत फार थोडं आहे. या हिशेबाने निघणारं उत्तर आपल्याकडच्या रिवाजाच्या बरोबर उलट येतं. बेडरूमसाठी 'जरा चांगला' आणि स्वयंपाकघरासाठी 'कसलाही चालेल' असं आपण म्हणतो. पण फुल एचडीचा उपयोग झालाच तर तो बहुधा स्वयंपाकघरात होतो.

पडद्यावर किती ठिपके

टीव्हीचा पडदा म्हणजे बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी आणि निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात आणि त्या कमी-जास्त उजळून हवा तो रंग तयार होतो. बत्तीस इंच हे माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं. त्यामुळे प्रत्यक्षात पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. या जागेत एचडी संचात आडवे १३६६ आणि उभे ७६८ पिक्सेल बसवलेले असतात. फुल एचडीत १९२० आणि १०८०. गुणाकार केला तर पहिल्यात साडेदहा लाखांच्या आसपास पिक्सेल होतात आणि दुसऱ्यात जवळपास एकवीस लाख. जाहिरातीतलं 'दुप्पट स्पष्ट' इथून येतं. मात्र ही दुप्पट क्षेत्रफळाची आहे. एका ओळीत पाहिलं तर पिक्सेल दीडपटीपेक्षाही थोडे कमीच वाढतात. एचडीचा एक पिक्सेल ०.५२ मिलिमीटर रुंद, तर फुल एचडीचा ०.३७ मिलिमीटर. पुढचा सगळा हिशेब या दोन आकड्यांवर चालतो.

१३६६ हा विचित्र आकडा आला कुठून, असं कुणालाही वाटेल. संगणकाच्या जुन्या चौकोनी पडद्यांमध्ये १०२४ गुणिले ७६८ हे माप रुळलेलं होतं. पडदे रुंद झाले तेव्हा ७६८ ही उंची तशीच ठेवून रुंदी सोळास नऊ या प्रमाणात वाढवली आणि ती १३६६ झाली. म्हणजे हे माप टीव्हीच्या कुठल्याही प्रक्षेपणासाठी आखलेलं नाही. युरोपात जानेवारी २००५ मध्ये 'एचडी रेडी' हा शिक्का ठरवला गेला, त्यात किमान ७२० रेषांची अट होती; ७६८ रेषांचा पडदा तिच्यात सहज बसला. तो शिक्का आपल्याकडच्या खोक्यांवर अजून टिकून आहे. आपल्याकडे बत्तीस इंचांचं प्रस्थ वाढायला करानेही हातभार लावला. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे संचही १८ टक्क्यांत आले, म्हणजे बत्तीसवरच थांबायचं करापुरतं कारण आता उरलेलं नाही. बेडरूम आणि स्वयंपाकघरात जागेचं कारण मात्र अजून आहेच.

डोळा कुठे थांबतो

डोळे तपासताना सहा मीटरवरून अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात. ज्याची नजर '६/६' आहे त्याला त्या अंतरावरून पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं अक्षर वाचता येतं. त्या अक्षराची एक रेघ अक्षराच्या पाचव्या भागाएवढी, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर जाडीची असते. याचा अर्थ असा की सामान्य चांगला डोळा अंतराच्या सुमारे ३४४०व्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. त्याहून बारीक तपशील असला तरी शेजारच्यात मिसळून जातो. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना पापणीची केसाएवढी रेघ ओढली जाते. हातभर अंतरावरून ती मोजता येते, मंडपात मागच्या रांगेतून फक्त डोळ्यातला भाव दिसतो. रेघ तिथेच असते, आपण दूर गेलेलो असतो.

आता हे प्रमाण आपल्या दोन पिक्सेलना लावून पाहू. ०.५२ मिलिमीटरला ३४४० ने गुणलं तर येतात १.७९ मीटर, म्हणजे पावणेसहा-सहा फूट. ०.३७ साठी येतात १.२७ मीटर, सव्वाचार फुटांच्या आत. याचा सरळ अर्थ असा: सहा फुटांपेक्षा लांब बसलात तर बत्तीस इंची एचडीचे पिक्सेलही वेगळे दिसत नाहीत, मग त्याहून बारीक पिक्सेलचा फायदा डोळ्यांपर्यंत पोचणार कसा? सव्वाचार ते सहा फूट या पट्ट्यात मात्र एचडीची जाळी जाणवू शकते आणि फुल एचडीची नाही. बत्तीस इंचांत फुल एचडीचं खरं राज्य एवढ्या पट्ट्यात आहे. सव्वाचार फुटांच्या आत गेलात तर दोन्हींचे पिक्सेल दिसू लागतात. फुल एचडी तिथेही सरसच, पण एवढ्या जवळून कुणी सिनेमा बघत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळ्यांची नजर ६/६ नसते. तरण्या डोळ्यांची नजर ६/५ असू शकते, आणि अशा माणसासाठी एचडीची सीमा सहाऐवजी सात फुटांवर जाते. उलट नजर ६/९ असेल तर हीच सीमा चार फुटांच्या आत येते. बेडरूमच्या बाबतीत दुसरी बाजू अधिक महत्त्वाची, कारण झोपण्यापूर्वी टीव्ही बघणारी अनेक माणसं चष्मा काढून उशाशी ठेवतात. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. दोन ठिपके वेगळे ओळखण्यापेक्षा तिरक्या रेषेतली पायरी ओळखण्यात डोळा पुष्कळ तरबेज असतो. त्यामुळे स्थिर, टोकदार तिरकी रेषा सात-आठ फुटांवरूनही किंचित करवतीसारखी वाटू शकते. हे खरं आहे, पण कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात अशा टोकदार कडा जवळपास नसतात. चेहऱ्याची, साडीच्या काठाची, झाडाची कड नेहमी दोन-तीन पिक्सेलमध्ये विरघळलेली असते. टोकदार कडा असतात त्या संगणकाच्या अक्षरांत. म्हणून टीव्हीला लॅपटॉप जोडून मुलं अभ्यास करणार असतील किंवा कुणी हिशेबाचे तक्ते उघडणार असेल, तर अंतराचा हिशेब बाजूला ठेवून फुल एचडीच घ्यावा. एचडी संच बहुतेक वेळा लॅपटॉपकडून ७२० किंवा १०८० रेषांचं चित्र घेतो आणि मग ते आपल्या ७६८ रेषांत बसवतो. या ओढाताणीत बारीक अक्षरं धुरकट होतात.

संचात काय येतं

पडदा कितीही बारीक विणलेला असो, त्याच्याकडे जे चित्र येतं त्यापेक्षा जास्त तपशील तो दाखवू शकत नाही. आपल्याकडच्या साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र जास्तीत जास्त ५७६ रेषांचं आणि प्रत्येक रेषेत ७२० पिक्सेलचं असतं. डीडी फ्री डिशवरच्या जवळपास सगळ्या वाहिन्या, केबलच्या स्वस्त पॅकमधल्या वाहिन्या आणि बहुतेक मराठी बातम्यांच्या वाहिन्या अशाच येतात. या ५७६ रेषा ७६८ च्या पडद्यावर पसरायच्या तर दर तीन रेषांच्या चार कराव्या लागतात. चौथी रेषा कुठून येते? संचातली चिप आजूबाजूच्या रेषांची सरासरी काढून ती भरते. १०८० च्या पडद्यावर हेच काम आठाच्या पंधरा रेषा करण्याचं होतं, म्हणजे जवळपास निम्मं चित्र अंदाजाने भरलेलं. अंदाज चांगला असेल तर चित्र वाईट दिसत नाही, पण त्यात नवा तपशील येत नाही. बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरं फुल एचडीवरही फुगीरच राहतात, अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळलेलेच राहतात, कारण ते वाहिनीकडूनच तसे निघालेले असतात. पट्टी वाचता येत नाही म्हणून संच बदलणाऱ्यांनी आधी वाहिनीकडे बघावं.

एचडी वाहिनी, उदाहरणार्थ झी मराठी एचडी किंवा स्टार प्रवाह एचडी, सर्वसाधारणपणे १०८० रेषांची असते. ती फुल एचडी पडद्यावर रेषेला रेषा उतरते आणि एचडी पडद्यावर पंचेचाळीस रेषांच्या बत्तीस कराव्या लागतात. इथे तपशील खरोखर गळतो. म्हणजे पडद्यातला फरक दिसायला हवा असेल तर घरात १०८० चं चित्र येत असलं पाहिजे आणि बघणारा सहा फुटांच्या आत असला पाहिजे. यातली एकच अट पुरी झाली तर फुल एचडीसाठी दिलेले जादा पैसे भिंतीवर टांगलेले राहतात.

यातही एक नेहमीची चूक होते. एचडी वाहिन्यांचा पॅक घेतलेला असतो, सेट-टॉप बॉक्सही एचडीचा असतो, पण तो टीव्हीला जुन्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन पिनांच्या वायरने जोडलेला असतो. या वायरीतून ५७६ रेषांपलीकडचं चित्र जाऊच शकत नाही. संच बदलून देताना जुनी वायर तशीच खोचली जाते आणि घरातल्यांना वाटतं की फुल एचडी हा निव्वळ बोलबाला आहे. एचडीएमआयची वायर लावावी आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र १०८० वर आहे ना ते पाहावं. टीव्हीच्या 'पिक्चर साइझ'मध्ये बहुधा कडांवरचं थोडं चित्र कापून उरलेलं ताणण्याची सोय चालू असते. ती बंद केली नाही तर रेषेला रेषा बसत नाही. कंपनीप्रमाणे तिथे 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असे शब्द दिसतील.

इंटरनेटवरून बघणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. यूट्यूबच्या मार्गदर्शनानुसार ७२० रेषांसाठी सेकंदाला अडीच मेगाबिट आणि १०८० साठी पाच मेगाबिट वेग सलग लागतो. पाचच्या वेगाने तासाला सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो. घरात फायबरचं कनेक्शन असेल तर याची चिंता नाही. पण मोबाइलचं हॉटस्पॉट लावून टीव्ही चालवायचा आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर तासाभराचा कार्यक्रमही १०८० मध्ये पुरा होत नाही. ॲप आपणहून खालच्या दर्जावर उतरतं आणि फुल एचडी पडदा पुन्हा रिकामा राहतो.

रोह्याची बेडरूम, पेणचं स्वयंपाकघर

हा हिशेब दोन नेहमीच्या खोल्यांना लावून पाहू. रोह्यातल्या नव्या इमारतीतली दहा बाय दहाची बेडरूम घ्या. पलंगाचं डोकं एका भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीवर. माणूस उशीला टेकून बसला की त्याचे डोळे मागच्या भिंतीपासून साधारण दीड फूट पुढे येतात, आणि ब्रॅकेटमुळे पडदा समोरच्या भिंतीपासून चार-पाच इंच पुढे असतो. उरतं आठ फुटांचं अंतर, म्हणजे २.४४ मीटर. याला ३४४० ने भागलं तर ०.७१ मिलिमीटर येतात: एवढ्या अंतरावरून ६/६ नजरेला यापेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. एचडीचा पिक्सेल ०.५२ चा, म्हणजे आधीच त्याच्या आत. ६/५ नजर धरली तरी सीमा ०.५९ वर येते आणि एचडी तिथेही पास होतो. या बेडरूममध्ये केबलचा एसडी पॅक असो, एचडी पॅक असो की फायबर, फुल एचडीसाठी जादा पैसे देण्याचं चित्राच्या बाजूने कारण नाही. तेवढे पैसे एचडी पॅकवर खर्च केले तर फरक दिसेल, कारण ५७६ रेषांच्या चित्राचा पिक्सेल या पडद्यावर ०.६९ मिलिमीटर उंचीचा होतो, म्हणजे डोळ्याच्या सीमेवर आलेला असतो. चांगल्या नजरेला एसडी आणि एचडी वाहिनीतला फरक आठ फुटांवरूनही जाणवतो, तो यामुळे. त्यात एसडी वाहिन्या फार दाबून पाठवलेल्या असतात, त्यामुळे धावपळीच्या दृश्यात चौकोनी ठोकळे उठतात. तेही एचडी वाहिनीत कमी होतात.

आता पेणमधलं आठ फूट रुंदीचं स्वयंपाकघर. एका भिंतीला दोन फूट खोलीचा ओटा, टीव्ही समोरच्या भिंतीवर. ओट्याशी उभ्या माणसाने मागे वळून पाहिलं तर पडदा पाच फुटांवर असतो. पाच फुटांवरून डोळा ०.४४ मिलिमीटरपर्यंतचा तपशील ओळखतो. एचडीचा ०.५२ चा पिक्सेल त्याहून मोठा, फुल एचडीचा ०.३७ चा त्याहून लहान: बरोबर आपल्या पट्ट्याच्या मध्ये. टीव्हीखाली टेबल लावून जेवत असाल तर अंतर साडेतीन-चार फुटांवर येतं आणि एचडीची जाळी आणखी उघडी पडते. त्यातून या खोलीत बघितलं जातं तेही अनेकदा अक्षरांचं असतं: पाककृतीच्या व्हिडिओतली साहित्याची यादी, प्रमाणं, देवनागरीत उमटणाऱ्या सूचना. तो व्हिडिओ १०८० मध्ये येत असेल तर पाव चमचा आणि पाऊण चमचा यांतला फरक फुल एचडीवर चटकन कळतो.

म्हणून स्वयंपाकघरासाठी सरसकट फुल एचडी, असं मात्र म्हणवत नाही. स्वयंपाकघरातला टीव्ही पुष्कळ घरांत बघण्यापेक्षा ऐकला जातो. फोडणी चालू असताना मालिकेकडे पाठ असते, आणि ती मालिका फ्री डिशवरून किंवा एसडी पॅकमधून येत असेल तर पाच फुटांवरूनही दोन्ही पडद्यांवर तेच ५७६ रेषांचं चित्र दिसणार. अशा घराला एचडी पुरतो, आणि चांगल्या आवाजाचा संच शोधणं जास्त शहाणपणाचं. शिवाय एक तिसरी वाट आहे, तिच्याकडे फार कुणी बघत नाही: चोवीस इंची एचडी. पिक्सेल तेवढेच, पण पडदा त्रेपन्न सेंटिमीटर रुंदीचा, म्हणून पिक्सेल ०.३९ मिलिमीटरचा होतो. बत्तीस इंची फुल एचडीच्या तो अगदी जवळ जातो आणि पाच फुटांवर ०.४४ च्या सीमेत आरामात बसतो. चित्र आणि अक्षरं बत्तीसच्या पाऊणपट होतात, हा त्याचा तोटा. पण भिंतीवर मसाल्याच्या फळ्या आणि खिडकी यांच्यामध्ये सव्वादोन-अडीच फुटांची मोकळी जागा नसेल, तर हाच संच बरा.

स्वयंपाकघरात पिक्सेलपेक्षा मोठा प्रश्न तिरकं बघण्याचा आहे. टीव्ही बहुधा डोक्याच्या वर, फ्रिजच्या बाजूला लावलेला असतो आणि बघणारा खालून किंवा कडेने बघतो. काही पडद्यांचे रंग तिरकं बघितलं की फिके पडतात, काळा भाग राखाडी होतो. यात एचडी-फुल एचडीचा काही संबंध नाही. पडद्याची जात वेगळी. 'आयपीएस' प्रकारचे पडदे कडेने बघायला बरे आणि 'व्हीए' प्रकारचे समोरून बघायला, विशेषतः अंधाऱ्या बेडरूममध्ये, कारण त्यांचा काळा रंग अधिक गडद असतो. दुकानात संचासमोर गुडघ्यावर बसून आणि मग एका बाजूला सरकून पाहिलं तर ही जात नाव न विचारताही कळते. गॅसच्या वर किंवा वाफेच्या वाटेत कुठलाच संच लावू नये. तेलकट वाफ मागच्या झरोक्यांतून आत जाते आणि धूळ धरून बसते.

चौकट: पडदा खरंच किती पिक्सेलचा, हे कसं ओळखावं

खोक्यावर किंवा जाहिरातीत '1080p support' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की संच १०८० रेषांचं चित्र आत घेतो. दाखवताना तो ते ७६८ रेषांत बसवत असेल. माहितीपत्रकात Resolution या शब्दापुढे 1366 x 768 आहे की 1920 x 1080, तेवढंच बघावं. तरी शंका असेल तर पडद्यावर पांढरं चित्र आणा, पट्टी अलगद पडद्याजवळ धरा आणि मोबाइलने अगदी जवळून फोटो काढा. फोटो मोठा करून एका सेंटिमीटरमध्ये लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांचे किती गट बसतात ते आडवे मोजा. बत्तीस इंची एचडीत एकोणीस भरतात, फुल एचडीत सत्तावीस.

'थोडाच तर फरक आहे'

सगळं ऐकून घेतल्यावर एक व्यवहारी आक्षेप उरतो: समजा फरक दोन-अडीच हजारांचाच आहे, तर चांगलं तेच घेऊन का टाकू नये? बाकी सगळं सारखं असेल तर घ्यावा. फुल एचडी पडदा आठ फुटांवरून वाईट दिसत नाही. पण बाकी सगळं क्वचितच सारखं असतं. बत्तीस इंचांत बाजारातले बहुतांश संच एचडीच आहेत, फुल एचडी मोजके. त्यामुळे केवळ त्या शब्दाचा आग्रह धरला की निवड दोन-चार संचांवर येते आणि आवाज, तिरकी नजर, एचडीएमआयच्या जागा, जवळचं सेवा केंद्र या गोष्टींत तडजोड होते. पेण-रोह्याच्या गिऱ्हाइकाने शेवटची गोष्ट हलक्यात घेऊ नये. पावसाळ्यात संच बिघडला आणि कारागीर पनवेलहून यायचा असला, तर पिक्सेल कितीही असोत, भिंतीवर आठवडाभर काळी पाटीच असते.

दुसरा युक्तिवाद पुढच्या काळाचा: आज एसडी बघतो, चार वर्षांनी सगळं एचडी होईल, तेव्हा संच मागे पडायला नको. चित्राच्या बाजूने हे पटण्यासारखं आहे आणि ज्यांची बसण्याची जागा सहा फुटांच्या आत आहे त्यांनी हा विचार जरूर करावा. बेडरूमच्या बाबतीत तो लागू होत नाही. वाहिन्या सुधारतील, इंटरनेट वेगवान होईल, पण दहा बाय दहाची खोली दहा बाय दहाचीच राहणार आणि चाळिशी ओलांडलेली नजर पुढच्या आठ वर्षांत काही ६/५ होणार नाही. ज्याला बेडरूममध्ये अधिक तपशील हवाच आहे, त्याने बत्तीसमध्ये पिक्सेल वाढवण्यापेक्षा पडदा मोठा करावा. त्रेचाळीस इंची फुल एचडीचा पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा असतो. आठ फुटांवरून चित्र तेवढंच सलग दिसतं आणि पडदा जवळपास पावणेदोनपट जागा व्यापतो. कराची भिंत पडल्यापासून हा पर्याय पूर्वीइतका दूर राहिलेला नाही.

राहता राहिलं दुकानातलं ते रेखीव चित्र. तिथे दाखवला जातो तो पेनड्राइव्हवरचा, फुलं-पक्षी-समुद्राचा अतिशय स्वच्छ व्हिडिओ, रंग भडक केलेले, आणि गिऱ्हाईक उभं असतं दोन-तीन फुटांवर. घरातल्या दोन्ही अटी तिथे आपोआप फुल एचडीच्या बाजूने पुऱ्या झालेल्या असतात. जाण्यापूर्वी घरी टेप लावून डोळे ते भिंत हे अंतर मोजा. दुकानात तेवढंच मागे सरका, दोन्ही संचांवर तुम्ही रोज बघता ती वाहिनी लावायला सांगा आणि चित्राचा मोड 'स्टँडर्ड' करून घ्या. तेवढ्या अंतरावरून फरक दिसला तर फुल एचडी घ्या, नाही दिसला तर एचडी. आणि जो घ्याल त्याचा मॉडेल क्रमांक व पिक्सेलची संख्या बिलावर लिहून घ्या.